पडीक विहिरी व पायविहिरी

कचेरीत मी जी काही अक्कल कमावली ती एका पट्टीमुळे. लाकडी पट्टी, फूटभर लांब, कडेला पितळेची पात. तिनं मी तक्ते आखत असे. माझं अक्षर वळणदार, रेघ सरळ, शिवाय जळगावला मॅट्रिक झाल्यामुळे इंग्रजी कागद वाचून कळण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त, एवढ्या भांडवलावर मी पश्चिम खानदेशातल्या एका तालुका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. तालुक्याचं नाव सांगत नाही. तिथं माझे नातेवाईक अजून आहेत आणि त्यांना मी आवडत नाही, हे एवढं पुरे.

स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती. साहेब गेला होता, पण त्याची भाषा कपाटात राहिली होती. वरून येणारे कागद निम्मे इंग्रजीत, आणि खाली गावोगाव तलाठ्यांना पाठवायचे ते मराठीत. मधलं भाषांतर माझ्याकडे. भाषांतर म्हणजे काय, तर वरच्या कागदातला एकही शब्द खाली सांडू न देणं. अर्थ सांडला तर हरकत नसे.

त्या वर्षी वरून नारूचं परिपत्रक आलं. ज्यांनी नारू पाहिला नाही ते भाग्यवान. पायावर फोड येतो, तो फुटतो आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत बाहेर डोकावतो. तो काडीला गुंडाळत रोज बोटभर बाहेर काढायचा. तुटला तर पाय सुजून कायमचा जायबंदी. हा रोग पसरतो पायविहिरींतून. माणूस पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहतो, त्याच्या पायातला जंत पाण्यात पिल्लं सोडतो, आणि तेच पाणी गाळल्याशिवाय दुसरा पितो की वर्षभरात त्याच्या पायाला फोड. आडाला कट्टा असतो, पाणी दोरानं वर येतं, पाय पाण्याला लागत नाहीत; म्हणून आडाचं भय नाही. परिपत्रकात हे सगळं नीट समजावलं होतं. शेवटी आज्ञा होती, एका ओळीची. तिचं मराठी मी केलं ते असं: 'पडीक विहिरी व पायविहिरी बुजवून टाकाव्यात.'

लिहिलं आणि हात थांबला. पडीक कोण? नुसत्या विहिरी, की पायविहिरीसुद्धा? पहिला अर्थ घ्यावा तर तालुक्यातल्या झाडून साऱ्या पायविहिरी बुजवायच्या, मग त्यांच्यावर गाव पाणी भरत असो वा नसो. दुसरा घ्यावा तर ज्यांच्याकडे कुणी फिरकत नाही तेवढ्याच बुजवायच्या. मूळ इंग्रजीतही तसंच होतं. एकच विशेषण पुढं ठेवून साहेबी भाषा मोकळी झाली होती. आणि गंमत अशी की दोन्ही अर्थ शहाण्यासारखे वाटत. नारू पायविहिरीतूनच येतो, तर सगळ्याच बुजवा म्हणणारा माणूस वेडा ठरला नसता.

कागद घेऊन अव्वल कारकुनाकडे गेलो. त्यांना सारी कचेरी नाना म्हणे. नानांनी तीस वर्षांत एकही चूक केली नव्हती, कारण तीस वर्षांत त्यांनी एकही गोष्ट ठरवली नव्हती. मी शंका सांगितली. म्हटलं, "नाना, दुसऱ्या अर्थाचं असेल तर 'पडीक' शब्द दोनदा घालू का? नाहीतर वर विचारून घेऊ."

नानांनी चष्मा कपाळावर नेला. "वर किती वेळा आहे?"

"एकदा."

"मग खालीही एकदा. तुला पगार भाषांतराचा आहे. अर्थाचा नाही."

"पण तलाठी काय समजतील?"

"जे समजतील ते त्यांच्या सहीनं समजतील. आणि वर विचारायचं म्हणतोस? वरून पहिला प्रश्न येईल, बाकीच्या तालुक्यांना कळलं ते तुम्हालाच का कळलं नाही? मग मामलेदार रावसाहेब मला विचारणार, मी तुला विचारणार. पिंपळनेरला जायचंय का?"

पिंपळनेर हे आमच्या कचेरीतलं काळं पाणी. कुणाला धाक घालायचा तर पिंपळनेर. पुढं माझी खरंच तिकडे बदली झाली तेव्हा कळलं, गाव चांगलं, माणसं चांगली. पण तेव्हा मी पंचविशीचा होतो, घरी पहूरला आई-वडील, नुकतंच लग्न झालेलं. पिंपळनेर म्हटलं की माझी शंका आपोआप फिटत असे. फिटली.

इथपर्यंत फार बिघडलं नव्हतं. कागद दुटप्पी होता, पण माणसाला डोळे असतात. ज्या विहिरीवर रोज शंभर हंडे भरतात ती कोण बुजवील, असं मी मनाला सांगितलं. बिघडवलं ते पट्टीनं. परिपत्रकाबरोबर तक्ता जायचाच. प्रत्येक गावानं महिन्याभरात काय केलं ते त्यात भरून पाठवायचं. नाना म्हणाले, "रकाने पाड." मी विचारलं, "किती?" ते म्हणाले, "वाक्य समोर आहे ना? 'व' दिसला की रेघ मार."

आमच्या कचेरीत तक्ते असेच होत. वाक्यात 'व' असेल तर दोन रकाने, दोन 'व' असतील तर तीन. मी पट्टी ठेवली आणि सुरेख रेघ ओढली. डावीकडे 'बुजवलेल्या पडीक विहिरी'. उजवीकडे 'बुजवलेल्या पायविहिरी'. वाक्यात जे मोघम होतं ते तक्त्यात पक्कं झालं. 'पडीक' रेघेच्या डावीकडे राहिलं, पायविहिरी उजवीकडे उघड्या पडल्या. मला ते दिसलं. दिसलं नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला आजही देत नाही. तिसऱ्या प्रतीवर शाई सांडली म्हणून ती प्रत पुन्हा केली, तेव्हाही दिसलं. पण तक्ता देखणा झाला होता. नाना "वा" म्हणाले, आणि नाना वर्षातून एकदाच "वा" म्हणत.

तलाठी परिपत्रक वाचत नाहीत, तक्ता वाचतात. रकाना रिकामा ठेवणं हा महसूल खात्यातला खरा गुन्हा. 'निरंक' लिहिलं की वरून खुलासा मागतात, आणि खुलासा लिहिण्यापेक्षा विहीर बुजवणं सोपं. पहिल्या पंधरवड्यात तिघांनी दुसऱ्या रकान्यात निरंक लिहून पाठवलं. तिघांनाही नानांनी स्मरणपत्र धाडलं, माझ्याच अक्षरात. एक तलाठी मात्र अस्सल निघाला. त्यानं कळवलं की आमच्या गावी असलेली रचना ही पायविहीर नसून कुंड आहे, आणि कुंडांसाठी तक्त्यात रकाना नाही. नानांनी ते कौतुकानं दोनदा वाचलं आणि दप्तरी लावलं. त्या गावाचं पाणी वाचलं. मी त्या तलाठ्याला मनोमन नमस्कार केला, आणि पुढच्या स्मरणपत्राला हात घातला.

माझ्या थोरल्या बहिणीचं सासर त्याच तालुक्यात होतं. तिला आम्ही अक्का म्हणत असू. तिच्या गावाला एकच पाणी: गढीच्या उतारावरची बारव. कागदात जिला पायविहीर म्हणतात तिला गावात बारव म्हणतात. बावीस पायऱ्या, खाली हिरवट पण गोड पाणी, चैत्रातही न आटणारं. दुसरी एक विहीर होती, पण तिची एक बाजू ढासळलेली आणि पाणी मचूळ. तिच्यात गेल्या दहा वर्षांत बकरीखेरीज कुणी उतरलं नव्हतं. तिसरं पाणी म्हणजे दीड मैलावरचा नाला, त्यात झिरा खणून वाटीवाटीनं भरायचं. आणि अक्काचा डावा पाय लंगडा. लंगडा कशानं? त्याच बारवेच्या नारूनं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी निघाला, सासूनं घाईनं ओढला, तुटला, पाय चार महिने पिकला आणि नंतर गुडघ्यात वाकेनासा झाला. म्हणजे बारवेवर राग धरायचा हक्क गावात कुणाला असेल तर तिला. ती मात्र रोज बावीस पायऱ्या एकेक करत उतरे, दोन हंडे भरी, पाणी फडक्यातून गाळी आणि कुणावरही राग धरत नसे.

एका शनिवारी तिच्या गावचा एक माणूस कापसाची गाडी घेऊन जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, आला होता. तो कचेरीच्या ओट्याशी येऊन म्हणाला, "अक्कानी सांगं शे, बारव बुजाडी राह्यनात. उद्याच ये."

मी हादरलो. खरंच हादरलो; त्यात नाटक नव्हतं. रावसाहेब दौऱ्यावर. नानांकडे गेलो तर ते म्हणाले, "गावानं ठरवलं असेल. लोकशाही आहे." रात्रभर विचार करून रविवारी सकाळी सायकल काढली आणि अकरा मैल मारले. वाटेत मी फार शूर होतो. तलाठ्याला काय काय ऐकवायचं याची चार वाक्यं मी पाठ केली होती.

पोचलो तेव्हा बारवेच्या काठाशी मोठा समारंभ चालला होता. श्रमदान सप्ताह होता. स्वतःचं पाणी स्वतःच्या हातानं बुजवायला गाव जमलं होतं, आणि शाळेच्या मास्तरांनी त्यासाठी मुलांकडून प्रभातफेरी काढून घेतली होती. गढीची पांढरी माती भरून पाच बैलगाड्या उभ्या. माणसं टोपल्या हातात घेऊन उभी होती, पण कुणी पहिली टोपली टाकत नव्हतं. बायका एका बाजूला, हंडे घेऊन. अक्का सगळ्यात वरच्या पायरीवर बसली होती, वाकत नसलेला पाय पुढं लांब करून. तिनं ती पायरी अडवली होती असं नाही. ती फक्त तिथं बसली होती. तिला उठवल्याशिवाय गाडी रिती करता येत नव्हती.

तलाठी चांगला माणूस होता, हेही सांगायला हवं. घामाघूम झाला होता. हातात माझाच तक्ता. "हे पाहा," तो लोकांना सांगत होता, "मला काय हौस आहे? पडीक विहिरींचा रकाना वेगळा आहे, पायविहिरींचा वेगळा. पायविहीर पडीक हवी असं कुठं लिहिलंय? दोनदा निरंक पाठवलं, दोनदा ठपका आला. नवा आड मिळणार आहे, मंजुरीला टाकलाय."

अक्का बसल्या जागेवरून म्हणाली, "बठ्ठं गाव जिनं पानी पेस, ती बारव बुजाडाले कोन सांगी? कागद मना भाऊनी लिखेल शे. तो हाऊ उना. त्यालेच इचारा."

सारं गाव माझ्याकडे वळलं. एक म्हातारे आबा काठी टेकत पुढं आले. गावात त्यांचा शब्द चाले. त्यांनी अगदी सरळ विचारलं, "बोल भाऊ. तुमना कागदमा काय शे? आमनी बारव बुजाडानी का नही?"

माझ्या आयुष्यात मला इतका सोपा प्रश्न कुणी विचारलेला नाही. मी म्हणायचं होतं, 'नाही. वापरातली बुजवायची नाही.' तलाठी तेवढंच ऐकायला टपला होता. त्याचे डोळे माझ्याकडे आशेनं लागले होते, हे मला दिसत होतं. उद्या कुणी विचारलं असतं तर त्यानं माझं नाव सांगितलं असतं, आणि मी निस्तरलं असतं किंवा पिंपळनेरला गेलो असतो. पण माझं नाव. तिथंच सगळं अडलं. पाठ केलेली चार वाक्यं कुठं गेली कुणास ठाऊक. समजा वरचा अर्थ सगळ्या पायविहिरी असाच असला तर? समजा पुढच्या वर्षी गावात पन्नास नारू निघाले तर? कचेरीत सात वर्षं मुरलेला माणूस माझ्या तोंडानं बोलला, आणि छापील बोलला.

"कागदात जे आहे ते आहे," मी म्हणालो. "अर्थ लावायचा मला अधिकार नाही. मूळ पत्र पाहून वर विचारावं लागेल."

"मग वर विचारेपर्यंत थांबू का?" तलाठ्यानं विचारलं. बिचारा अजूनही दोर टाकत होता.

"मुदत उद्या संपते," मी म्हणालो. ते खरं होतं. मुदतीचा आकडाही मीच लिहिला होता.

आबा काठी फिरवून घरी निघून गेले. अक्कानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दगडाला हात टेकून ती उठली, पाय ओढत बायकांत जाऊन उभी राहिली. पहिली टोपली मास्तरांनी टाकली. माती पाण्यात पडल्याचा आवाज फक्त सुरुवातीला येत होता. दुपारनंतर नुसती मातीवर माती पडत होती.

सोमवारी तक्ता आला. उजव्या रकान्यात 'एक'. नानांनी तो इतरांना दाखवला, असा भरतात म्हणून.

बारव बुजल्यावर गावात समता आली, हे नमूद केलं पाहिजे. आधी काही घरांना त्या पायऱ्या उतरू देत नसत. कायद्यानं मुभा होती, गावानं नव्हती. ती माणसं वर उभी राहून कुणी हंड्यात पाणी ओतण्याची वाट पाहत. आता सगळेच नाल्यावर, झिऱ्याभोवती, वाटी घेऊन. तिथंही पहिल्याच आठवड्यात वरचा झिरा आणि खालचा झिरा झाला. म्हणजे समता आठवडाभर टिकली. सरकारी योजना एवढी टिकली तरी खूप.

अडीच महिन्यांनी वरून खुलासा आला. कुठल्या तरी तालुक्यातल्या कुणी तरी विचारलं होतं. त्याला पिंपळनेरचं भय नसावं, किंवा तो आधीच तिथं असावा. खुलाशाचं भाषांतर माझ्याकडेच आलं. त्यात म्हटलं होतं की 'पडीक' हे दोहोंस लागू समजावं. वापरातल्या पायविहिरी बुजवू नयेत. त्यांच्या पायऱ्या बंद कराव्यात, तोंडाशी कट्टा बांधावा, वर रहाट बसवावा, म्हणजे पाणी राहील आणि नारू जाईल. किती साधी गोष्ट. पंधरा दिवसांचं गवंडीकाम. ते वाचताना माझे कान तापले, आणि मी खाली मान घालून लिहीत राहिलो. सोबत नवा तक्ता होता. रकाना: 'वापरातल्या पायविहिरी, पैकी दुरुस्त केलेल्या'. अक्काच्या गावापुढं काय लिहू, असं मी नानांना विचारलं.

"तिथं आहे का पायविहीर?"

"बुजवली."

"मग निरंक," नाना म्हणाले. "आता खुलासा नको. खरंच निरंक आहे."

त्या रविवारी मी खुलाशाची एक नक्कल खिशात घालून पुन्हा सायकल काढली. काय करायला? मला वाटत होतं, अक्काला वाचून दाखवावं, म्हणजे तिला कळेल की चूक वाक्याची होती. माणूस चाळिशीपर्यंत किती मूर्ख राहू शकतो याला मर्यादा नाही, आणि मी तर तिशीही गाठली नव्हती.

ती अंगणात बसून पायाला तेल चोळत होती. गुडघा सुजला होता. रोज तीन मैल त्या पायानं, दोन खेपा धरल्या तर सहा. मला पाहून तिनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. मी घोटभर प्यालो. पाण्याला वाळूची चव होती. तांब्या खाली ठेवला. मग कागद काढला आणि सबंध वाचला, सावकाश, अर्थ सांगत. रहाट, कट्टा, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे ती बुजाडानी नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"त्या दिन तुले हाई म्हाईत नव्हतं का?"

मी कारकुनासारखा विचार करून उत्तर दिलं. "नक्की माहीत नव्हतं, अक्का. वाक्याचे दोन अर्थ होत होते."

"माले म्हाईत व्हतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही, टोमणाही नव्हता. जशी ती भाकरीचं पीठ किती लागेल ते सांगे तसंच सांगितलं. "आन माले ते वाचताबी येत नही."

तिनं पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली, हंडा कमरेवर घेतला आणि दुसऱ्या खेपेला निघाली. मी मागोमाग उठलो. फाटकाशी हंडा घ्यायला हात पुढं केला. तिनं हंडा कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतला, आणि चालू लागली.